खुब्याचं ऑपरेशन झालेली आई सांगलीला, मुलगा बेंगळुरूला: रजेचे १० दिवस कुठे लावावेत?

पत्र

तुमची घरी नर्सिंग देण्याची जाहिरात पाहून लिहितो आहे. मी बेंगळुरूला नोकरी करतो. आई, वय ७४, सांगलीला एकटी असते. रविवारी ती बाथरूममध्ये पडली, डाव्या खुब्याचं हाड मोडलं. मंगळवारी ऑपरेशन होऊन अर्धा सांधा बदलला. मावशी तिच्याजवळ आहे. येत्या शनिवारी डिस्चार्ज मिळेल. पोटावर रोज एक इंजेक्शन पुढेही चालू राहणार आहे. मला एकूण १० दिवसांची रजा मिळते आहे, ती अजून घेतलेली नाही. नर्स पुरवणारे ब्युरोवाले विचारतात, नर्स हवी की अटेंडंट, १२ तास की २४ तास? मला यातलं काहीच कळत नाही. आई म्हणते, मला कुणी नको. मावशी म्हणते, मुलगा असून आईला परक्या बायांच्या हाती सोपवतोस. काय करू?

— एक वाचक, बेंगळुरू

उत्तर

आधी रजेचं बोलू, कारण तुमच्याकडे मोजकी आहे ती रजाच. खुब्याच्या ऑपरेशननंतरचे सहा आठवडे सगळे सारखे जड नसतात. हॉस्पिटलात आई शिकलेल्या हातांत आहेत आणि मावशी सोबतीला आहेत. तुम्ही अजून तिथे पोचला नाहीत म्हणून काही बिघडलेलं नाही, उलट रजा शिल्लक राहिली आहे. खरी ओढाताण होते ती घरी आल्यावरच्या पहिल्या चार-पाच दिवसांत. पलंग बुटका निघतो, वॉकर दारातून जात नाही, रात्री कुणाला हाक मारायची ते ठरलेलं नसतं. म्हणून गुरुवारी रात्रीची बस धरा, शुक्रवारी सकाळी सांगलीत उतरा आणि पुढच्या बुधवारपर्यंत राहा. शनिवार-रविवार सुट्टीचे धरले तर यात चार दिवस रजा जाते. टाके साधारण १२ ते १४ दिवसांनी काढतात, म्हणजे मंगळवारच्या ऑपरेशनचे टाके दोन आठवड्यांनी मंगळवारच्या आसपास निघतील. त्या वेळी शनिवार ते मंगळवार या, दोन दिवस रजा. सहाव्या आठवड्यात सर्जन एक्स-रे काढून तपासतात, तेव्हा आणखी दोन. उरलेले दोन दिवस मात्र हात न लावता ठेवा. ते कशासाठी, हे पुढे येईलच.

मावशींच्या बोलण्यामागे काळजी आहे, पण एक गोष्ट त्यांना सांगून पाहा. ऑपरेशन झालेल्या माणसाला पलंगावरून उठवणं ही शिकण्याची गोष्ट आहे. न शिकलेला माणूस मायेने काखेत हात घालून ओढतो. त्याने खांदा दुखावतो, आणि पेशंट पुढे झुकून खुबा नको तितका दुमडतो. उठताना आईंनी स्वतः दोन्ही हातांनी खुर्चीचे हात दाबायचे असतात, ऑपरेशनचा पाय थोडा पुढे ठेवायचा असतो, आणि मदतनिसाने बाजूला उभं राहून कमरेला आधार द्यायचा असतो. हे काम शिकलेल्या बाईंना करू द्या. सर्जनशी बोलणं, निर्णय घेणं, पैशांची सोय लावणं आणि संध्याकाळी आईंशी गप्पा मारणं हे तुमच्याच वाट्याचं आहे, आणि त्यातलं बरंचसं बेंगळुरूहून होतं.

नर्स की अटेंडंट

ब्युरोच्या प्रश्नाचं उत्तर आईंच्या वयावरून किंवा ऑपरेशन किती मोठं होतं यावरून देऊ नका. दिवसभरात काय काय करावं लागतं ते कागदावर लिहून काढा. आईंच्या बाबतीत त्यातली दोनच कामं नर्सची आहेत: पोटावरचं इंजेक्शन आणि जखमेवर नजर. बाकी उठवणं-बसवणं, अंग पुसणं, कमोड, वॉकरबरोबर चालवणं, जेवण आणि गोळ्यांची आठवण ही प्रशिक्षित अटेंडंटची कामं आहेत. म्हणून चोवीस तास नर्स ठेवण्याची गरज नाही. नर्स दिवसातून एकदा येऊन जाईल आणि अटेंडंट घरात राहील, एवढं पुरतं. आमच्याकडेही अशा पेशंटसाठी पूर्णवेळ नर्स मागितली तर आम्ही आधी हेच सांगतो. नाकातून अन्नाची नळी, गळ्यातली श्वासाची नळी, शिरेतून औषधं, खोल जखम असं काही असेल तेव्हा गोष्ट वेगळी असते.

मात्र नर्स म्हणून येणारी व्यक्ती खरोखर नर्स असली पाहिजे. जीएनएम किंवा एएनएम हे नर्सिंगचे कोर्स झालेल्या नर्सची महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असते, तो नोंदणी क्रमांक आणि ओळखपत्र मागा. पांढरा कोट घातलेल्या प्रत्येकीला घरात सिस्टर म्हणतात, त्यातून गोंधळ होतो. अटेंडंटचा अनुभव दांडगा असला तरी इंजेक्शन तिने द्यायचं नाही, आणि चांगला ब्युरो तिला ते देऊही देत नाही.

हे इंजेक्शन रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून असतं. खुब्याच्या ऑपरेशननंतर ते साधारण चार ते पाच आठवडे चालतं, पण आईंच्या डिस्चार्ज कार्डावर जी तारीख असेल तीच खरी. ते बेंबीपासून किमान दोन इंच लांब, एक दिवस डावीकडे तर दुसऱ्या दिवशी उजवीकडे देतात. भरलेल्या सिरिंजमध्ये हवेचा छोटा बुडबुडा दिसतो. तो काढायला गेलं की औषधाचे थेंब वाया जातात, म्हणून तो तसाच ठेवायचा असतो. टोचल्यावर जागा चोळायची नाही, चोळली की काळानिळा डाग पडतो. तुम्ही घरी असाल तेव्हा एकदा शेजारी उभं राहून पाहा. नर्सला काम येतं की नाही, ते एवढ्यावरून कळतं.

१२ तास की २४ तास

हे रात्र ठरवते. चोवीस तासांची बाई म्हणजे चोवीस तास जागी बाई नव्हे. तिला रात्री सलग सहा तास तरी झोप आणि दिवसा थोडा आराम मिळायलाच हवा. आई रात्री तीन-चार वेळा लघवीला उठल्या तर ती झोप होत नाही. पहिले तीन दिवस बाई निभावून नेते, चौथ्या रात्री तिला हाक ऐकू येत नाही. मग आई म्हणतात, कशाला उठवू बिचारीला, आणि एकट्या उठतात. यात बाईंचा आळस नाही आणि आईंचा हट्टही नाही, शिफ्टचा हिशेब चुकलेला असतो.

म्हणून सुरुवातीला दिवसाची आणि रात्रीची अशा दोन वेगवेगळ्या बाया ठेवा. आई किती वाजता उठल्या, हे रात्रपाळीच्या बाईंनी रोज वहीत लिहावं. तुम्ही बुधवारी निघण्याआधी चार रात्रींची नोंद हातात असेल. उठणं एक-दोनदाच असेल तर २४ तासांची एकच बाई चालेल. तीन किंवा जास्त वेळा असेल तर टाके निघेपर्यंत दोन शिफ्ट चालू ठेवा. खर्च जास्त आहे, पण तो मोजक्या दिवसांचा आहे.

करार करताना बाकी अटींपेक्षा दोन गोष्टींवर अडून बसा. बाई अचानक आली नाही तर बदली किती तासांत येणार, हे लेखी घ्या. आणि बदली बाईंना आधीच्या बाईंनी घरी येऊन काम समजावून द्यायचं, हेही लिहून घ्या. नवी बाई कोऱ्या पाटीने आली की त्याच दिवशी चुका होतात. आधार कार्डाची प्रत आणि पोलीस पडताळणी ब्युरोने द्यायची असते. घरात रोकड, दागिने, एटीएम कार्ड उघड्यावर ठेवू नका. बाईंवर विनाकारण आळ येऊ नये, यासाठीही ते बरं.

शुक्रवारी टेप घेऊन घर मोजा

पडण्याचा आणि सांधा निखळण्याचा धोका बराचसा उंचीत असतो. आईंच्या पायात रोजची घरातली चप्पल असताना, जमिनीपासून गुडघ्यामागच्या घडीपर्यंत अंतर मोजा. मावशी हे हॉस्पिटलात मोजून फोनवर सांगू शकतील. समजा ते १६ इंच आलं. त्यात दोन इंच मिळवा. पलंग, खुर्ची, कमोड या तिन्हींची बसायची उंची १८ इंचांच्या आसपास हवी, म्हणजे बसल्यावर खुबा गुडघ्याच्या वर राहतो. गादी दबते, म्हणून कुणाला तरी पलंगावर बसवूनच उंची मोजा. आपल्याकडचा दिवाण दबलेल्या गादीसकट अनेकदा त्याहून बुटका भरतो. पाय असलेला पलंग असेल तर चारही पायांखाली खोबण असलेले लाकडी ठोकळे बसवून घ्या. नुसत्या विटा सरकतात. पेटीचा दिवाण असेल तर वर मऊ फोम चढवू नका, कडक गादी घाला किंवा सहा आठवड्यांसाठी पलंग भाड्याने आणा. फार उंचही नको, पाऊल जमिनीला पूर्ण टेकलं पाहिजे.

कमोडवर उंच सीट बसवायला मिळतं, चार किंवा सहा इंचांचं. भारतीय पद्धतीचा संडास असेल तर सध्या तो बंदच, कमोड खुर्ची आणा. चाकांची खुर्ची घेतली तर ब्रेक लावल्याशिवाय बसायचं नाही, आणि शक्यतो बिनचाकाची घ्या. मग वॉकरची रुंदी आणि बाथरूमच्या दाराची मोकळी रुंदी मोजा. जुन्या घरांत वॉकर तिथेच अडतो, आणि आई तो बाहेर ठेवून दार धरून आत जायला बघतात. अडत असेल तर पहिले दोन आठवडे अंघोळ म्हणजे खोलीतच अंग पुसणं, हे पक्कं ठरवा. वॉकरची मूठ, हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेला यायला हवी.

एक प्रश्न सर्जनना शनिवारी आठवणीने विचारा: चीर मागच्या बाजूने घेतली का, आणि कोणत्या हालचाली किती दिवस बंद? मागून असेल तर खुबा ९० अंशांपेक्षा जास्त दुमडायचा नाही, पायावर पाय टाकायचा नाही, पाऊल आत वळवायचं नाही, झोपताना दोन पायांमध्ये उशी ठेवायची. पाटावर बसणं, खाली वाकून पडलेलं काही उचलणं हे सगळं त्यात आलं. उत्तर मराठीत मोठ्या अक्षरांत लिहून पलंगासमोर लावा, म्हणजे बदली बाईंनाही दिसेल.

बुधवारनंतर काय बिघडू शकतं आणि ते कसं ओळखायचं

सगळ्यांत जास्त दिसतं ते हळूहळू वाढत जाणारं, म्हणून लक्षात न येणारं. समजा वहीत गुरुवारची नोंद अशी आली: पाणी ७०० मिली, लघवी ३ वेळा, रंग गडद, शौच नाही (तिसरा दिवस), चालणं २ वेळा दहा पावलं, दुखणं १० पैकी ६, जेवण अर्धी भाकरी. एकेक आकडा पाहिला तर घाबरण्यासारखं काही नाही. एकत्र वाचा. उठताना दुखतं, म्हणून लघवीला जायला नको वाटतं, म्हणून आई पाणी कमी पितात. पाणी कमी, चालणं कमी, त्यात वेदनेच्या काही गोळ्या बद्धकोष्ठ वाढवतात. पोट साफ नाही, म्हणून भूक नाही. याच वाटेने चार दिवस गेले तर पाचव्या रात्री आई गोंधळलेलं बोलू लागतात. उपाय सुरुवातीलाच करायचा असतो. वेदनेची गोळी चालण्याच्या अर्धा-पाऊण तास आधी द्यायची का, आणि पोट साफ होण्यासाठी काय द्यायचं, हे डॉक्टरांना विचारा. दिवसाला किती पाणी चालेल तेही त्यांनाच विचारा, कारण हृदयाचा किंवा किडनीचा त्रास असेल तर मर्यादा असते. त्यातलं बरंचसं पाणी संध्याकाळी सहाच्या आत देऊन टाकावं, म्हणजे रात्रीचं उठणं कमी होतं.

आणि तरी एखाद्या रात्री दोन वाजता फोन आलाच की आई म्हणतात घरात कुणीतरी शिरलंय, तर हे वेड नाही आणि ‘वय झालं’ म्हणून सोडून देण्यासारखंही नाही. ऑपरेशननंतर वयस्कर माणसांत असा अचानक गोंधळ होतो. दिवसा कमी, रात्री जास्त, असा तो हेलकावे खातो. मागे बहुतेक वेळा कारण असतं: लघवीचा जंतुसंसर्ग, तुंबलेली लघवी, बद्धकोष्ठ, सोडियम कमी होणं, न सांगितलेली वेदना, नवं औषध. बाईंनी वाद घालू नये. दिवा लावावा, चष्मा आणि कानाचं यंत्र द्यावं, हळू बोलावं, ताप आणि शेवटची लघवी कधी झाली ते पाहावं. झोपेची गोळी आपल्या मनाने द्यायची नाही. डॉक्टरांना त्याच दिवशी दाखवायचं.

तीन गोष्टींत मात्र सकाळची वाट पाहायची नाही. अचानक तीव्र कळ येऊन पायावर भार घेता येईना, आणि तो पाय आखूड किंवा आत वळलेला दिसला, तर सांधा निखळला असू शकतो. ओढून सरळ करायचा नाही, आहे तसा आधार देऊन हॉस्पिटलला न्यायचं. दुसरं, अचानक धाप किंवा छातीत दुखणं: थेट १०८. गुठळी फुप्फुसात गेल्याची ही खूण असू शकते. तिसरं, इंजेक्शन चालू असताना काळी शौच किंवा पट्टी रक्ताने भिजणं. गुठळी पायात असताना ओळखण्यासाठी नर्सने दोन दिवसांआड दोन्ही पोटऱ्या टेपने मोजाव्यात, गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून दहा सेंटिमीटर खाली. ऑपरेशनच्या बाजूला थोडी सूज असतेच, पण फरक तीन सेंटिमीटरपेक्षा जास्त झाला किंवा पोटरी दुखू लागली तर त्याच दिवशी डॉक्टर. जखमेचा ओलावा किंवा लाली वाढत असेल, किंवा १००.४ च्या वर ताप असेल, तरीही तेच. राखून ठेवलेले दोन दिवस अशाच वेळेसाठी आहेत. मावशी आणि बाई आईंना हॉस्पिटलात पोचवतील, तुम्ही रात्रीच्या बसने निघाल.

बेंगळुरूहून लक्ष कसं ठेवायचं

एक दोनशे पानी वही पुरते. रात्री आठला त्या दिवसाच्या पानाचा फोटो तुम्हाला येईल, असं ठरवा. पाणी, लघवी, शौच, चालणं, दुखणं, ताप, बीपी आणि गोळ्यांच्या वेळा, एवढंच. रकाने भरले आहेत यापेक्षा आकडे बदलतात का ते पाहा. चार दिवस सलग बीपी १२०/८० आणि ताप ९८.४ आला तर ते मोजलेलं नाही, लिहिलेलं आहे. रागावू नका. संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर मशीन लावून दाखवायला सांगा, दुसऱ्या दिवसापासून आकडे खरे येतात. आठवड्याच्या गोळ्या खणांच्या डबीत मावशींनी किंवा नर्सने रविवारी भराव्यात. शनिवारी खणात गोळी उरली असेल तर ती तेव्हाच सापडते.

व्हिडिओ कॉल आई पलंगावर बसलेल्या असताना करू नका, चालण्याच्या वेळी करा आणि कॅमेरा पावलांकडे धरायला सांगा. आधी वॉकर, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला पाय, हा क्रम दिसला पाहिजे. बाई मागे आणि ऑपरेशनच्या बाजूला हवी. आईंना ‘बरी आहेस ना?’ विचारलं की त्या हो म्हणतात, तुम्हाला काळजी नको म्हणून. त्याऐवजी ‘आज भाजी कुठली होती, किती वाजता जेवलीस, रात्री कोण उठलं?’ असं विचारा. खोलीत कॅमेरा बसवायचा झाला तर आईंना आणि बाईंना विचारूनच, आणि अंग पुसायच्या जागेपासून तो दूर हवा.

‘मला कुणी नको’

आईंच्या या वाक्यात बहुतेक दोन गोष्टी असतात: परक्या बाईसमोर उघडं व्हायची लाज, आणि स्वयंपाकघर हातचं जाईल ही भीती. त्यामुळे बाईंना एकदम शनिवारी दारात उभं करू नका. शुक्रवारी हॉस्पिटलात तासभर भेट घडवा, तिथल्या फिजिओथेरपिस्टनी उठवायची पद्धत बाईंना आईंच्या देखतच दाखवावी. आईंना ‘तुझ्यासाठी बाई ठेवली’ असं न म्हणता मुदत सांगा: आधी टाके निघेपर्यंत, मग पुढचं बघू. अंग पुसताना कुठे मदत हवी आणि कुठे नको, हे आईंनीच सांगावं. स्वयंपाक अटेंडंटच्या कामात धरू नका. त्यासाठी नेहमीच्या पोळीवाल्या बाई असतील तर त्याच चालू ठेवा, आणि भाजी कोणती हे आईच ठरवतील. दोन-तीन दिवसांत सूर जमला नाही तर बाई बदलून मागा. त्यात कुणाचा दोष शोधायची गरज नसते.

सहाव्या आठवड्याच्या तपासणीनंतर सर्जन परवानगी देतील तशी मदत कमी करा. आधी रात्रीची मदत थांबवा, तीही पलंगाजवळ रात्रभर दिवा आणि हाताशी बिनतारी बेल ठेवून, सलग आठवडाभर आई रात्री स्वतः नीट उठल्या तरच. मग दिवसाचे बारा तास चारवर आणा, सकाळी आठ ते बारा. शेवटपर्यंत ठेवायची मदत अंघोळीची. त्या जिथे पडल्या ती जागा तीच आहे, म्हणून पकडदांडे भिंतीत पक्के बसवून, प्लॅस्टिकऐवजी रबरी पायांचं स्टूल आणून, आई बाईंच्या देखत दहा-बारा वेळा न डगमगता अंघोळ करून बाहेर येईपर्यंत ती बंद करू नका.